ट्रेंड डे की रेंज डे? पहिला तास कसा वाचावा आणि त्यानुसार इंट्राडेचा डाव कसा बदलावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेंड डे आणि रेंज डे म्हणजे नेमकं काय?

ट्रेंड डेला भाव दिवसाच्या एका टोकाजवळ सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाजवळ बंद होतो. मधे थांबतो, दम खातो, पण मागे फारसा येत नाही. रेंज डेला भाव सकाळीच वरची आणि खालची हद्द आखून घेतो आणि उरलेला दिवस त्या दोन भिंतींमध्ये येरझारा घालतो. दिवस संपल्यावर चार्ट पाहून हे शेंबडं पोरही सांगेल. पंचाईत ही की सौदा आपल्याला दिवस संपायच्या आधी करायचा असतो.

प्रत्यक्षात बरेच दिवस या दोन्हींच्या मधले असतात: सकाळची हद्द एका बाजूला थोडी ओलांडतात आणि तिथेच रेंगाळतात. म्हणून "आज कोणता दिवस आहे?" हा प्रश्न मी फारसा विचारत नाही. "आत्ता कोणती चूक मला जास्त महाग पडेल?" हा विचारतो. खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाच्या अंगाने दिली आहेत.

पहिलाच तास का? पंधरा मिनिटं किंवा दोन तास का नाहीत?

पहिल्या तासाच्या पट्ट्याला इनिशियल बॅलन्स म्हणतात. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवर सौदे करणारे पीटर स्टाइडलमायर यांनी १९८० च्या दशकात मार्केट प्रोफाइलची मांडणी केली, तिथून हा शब्द रूढ झाला. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि पहिल्या दोन तुकड्यांचा उच्चांक-नीचांक म्हणजे दिवसाचा पाया मानायचा. रात्रभर साचलेल्या ऑर्डरी या वेळात निघून जातात आणि दोन्ही बाजूंचे मोठे खेळाडू एकमेकांचा अंदाज घेतात.

साठ मिनिटांत जादू काही नाही. पंधरा मिनिटांच्या पट्ट्यात गोंगाट फार असतो आणि दोन तास थांबलात तर ट्रेंड डेचा बराच भाग हातातून गेलेला असतो. तास हा त्यातला सुवर्णमध्य, इतकंच.

"दिवसाचा उच्चांक किंवा नीचांक पहिल्या तासातच बनतो" हे खरं आहे का?

बऱ्याच दिवशी खरं ठरतं, पण त्यातून वाटतो तितका अर्थ निघत नाही. भाव निव्वळ नाणेफेकीसारखा हलतोय असं धरा. साडेसहा तासांच्या सत्रात दिवसाचा उच्चांक पहिल्या तासात असण्याची शक्यता गणिताने साधारण २६ टक्के येते, नीचांकाचीही तेवढीच. म्हणजे दोन्हीपैकी एक तरी टोक पहिल्या तासात सापडणं हे जवळपास निम्म्या दिवशी कुठल्याही ट्रेंडशिवाय घडतं. त्यात सकाळी हालचाल जास्त असते, त्यामुळे आकडा आणखी वर जातो.

तेव्हा "नीचांक लागला, आता वरच" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या. निम्म्या वेळा तो माणूस बरोबर ठरेल, नाणंही ठरतं.

मग पहिल्या तासात बघायचं काय?

मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, पट्ट्याची रुंदी. मागच्या दहा दिवसांच्या दैनिक हालचालीची, म्हणजे उच्चांक वजा नीचांकाची, सरासरी काढा आणि आजच्या पहिल्या तासाच्या पट्ट्याला तिने भागा. इथे बरेच जण तयार एटीआर वापरतात, तो जरा फसवा आहे. एटीआरमध्ये आदल्या बंद भावापासूनचा गॅपही धरलेला असतो आणि तो गॅप इंट्राडे सौदा करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. साधा उच्चांक वजा नीचांक पुरतो.

दुसरी, तास संपताना भाव पट्ट्यात कुठे आहे. भावातून तासाचा नीचांक वजा करायचा आणि पट्ट्याच्या रुंदीने भागायचं. उत्तर ०.८ च्या वर आलं तर भाव छताला चिकटलेला आहे, ०.२ च्या खाली आलं तर तळाला. ०.५ च्या आसपास असेल तर तळ्यात-मळ्यात चाललंय.

तिसरी, भावाचं व्हीवॅपशी नातं. व्हीवॅप म्हणजे उलाढालीचं वजन देऊन काढलेला दिवसाचा सरासरी भाव. पहिल्या तासात भावाने ही रेषा चार-पाच वेळा आरपार कापली आणि रेषा आडवी राहिली, तर दोन्ही बाजू समाधानी आहेत. सुरुवातीला एकदा कापून भाव एकाच बाजूला राहिला आणि रेषाही त्याच्या मागे कलू लागली, तर एक बाजू घाईत आहे.

याशिवाय निर्देशांकावर सौदे करत असाल तर वाढलेल्या आणि घटलेल्या समभागांची संख्या जरूर बघा. ट्रेंड डेला बहुतेक समभाग एकाच दिशेने पळतात. दोन-चार वजनदार समभाग निर्देशांक ओढतायत आणि बाकी बाजार उलटा चाललाय, अशा चढावर माझा भरवसा नसतो.

रुंदी किती असली की अरुंद आणि किती असली की रुंद?

आधी साधारण अपेक्षा काय ते समजून घेऊ. यादृच्छिक हालचालीत पट्टा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. साडेसहा तासांपैकी एक तास म्हणजे सुमारे १५ टक्के वेळ, त्याचं वर्गमूळ ३९ टक्के. सकाळची वाढीव हालचाल धरली तर पहिला तास दिवसाच्या हालचालीचा निम्म्याच्या आसपास भाग खातो. म्हणजे ०.४ ते ०.६ हे गुणोत्तर अगदी सर्वसाधारण आहे आणि त्यातून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. बहुतेक दिवशी या मोजमापाचं उत्तर "काही कळत नाही" हेच येतं, आणि ते मान्य करायला मला काही वर्षं लागली.

०.३५ च्या खाली पट्टा अरुंद. दिवसाला अजून बरीच चाल उरली आहे, तेव्हा पट्टा कुठल्यातरी बाजूला फुटण्याची शक्यता मोठी. ०.७५ च्या वर पट्टा रुंद. नेहमीची बरीचशी चाल होऊन गेली आहे आणि पट्टा मोडायला कोणीतरी नवा, मोठा खरेदीदार किंवा विक्रेता यावा लागेल. हे आकडे माझे, कामापुरते. तुमच्या बाजाराच्या जुन्या नोंदींवर ते तपासून घ्या, विशेषतः सत्राची लांबी वेगळी असेल तर.

अरुंद पहिला तास म्हणजे ट्रेंड डे येणार, असं धरून चालायचं का?

नाही. सर्वात जास्त पैसे याच समजुतीत जातात. अरुंद पट्ट्यातून तीन प्रकारचे दिवस निघतात: खरा ट्रेंड डे, दुपारपर्यंत सुस्त राहून मग एकदम वेगळ्या भावपातळीवर उडी मारणारा दिवस, आणि कोणालाच काही करायचं नाही असा मेलेला दिवस. मोठ्या घोषणेच्या आदल्या दिवशी किंवा लांब सुटीच्या तोंडावर हा तिसरा प्रकार सर्रास भेटतो.

यातला फरक रुंदी सांगत नाही. उलाढाल थोडा सांगते. आजच्या पहिल्या तासाची उलाढाल मागच्या दिवसांच्या *पहिल्या तासाशी* ताडून बघा, पूर्ण दिवसाच्या सरासरीशी नाही. पट्टा अरुंद आणि उलाढाल नेहमीच्या निम्मी असेल, तर दुकानात गिऱ्हाईकच आलेलं नाही. पट्टा अरुंद आणि उलाढाल भरपूर असेल, तर आत रस्सीखेच चालू आहे आणि दोर कुठेतरी सुटेल.

रुंद पट्टा, पण तास संपताना भाव अगदी टोकाला. मग काय?

सगळ्यात अवघड प्रसंग हाच. रुंदी म्हणते चाल संपली, जागा म्हणते चाल जोरात आहे. उघडताच एका दिशेने सुटलेले दिवस असेच दिसतात. दहा दिवसांची सरासरी अशा दिवशी कुचकामी ठरते, कारण बाजाराची चालच त्या सकाळी बदललेली असते.

एकदा असाच भाव खाली सुटलेला असताना "एवढा पडलाय, आता उसळणारच" म्हणून मी खरेदी केली. स्टॉप उडाला, पुन्हा घेतलं, पुन्हा उडाला, तिसऱ्यांदा दुप्पट लॉट घेतले. त्या एका सकाळी महिनाभराची कमाई गेली. तेव्हापासून नियम असा: भाव टोकापासून पट्ट्याच्या एक तृतीयांशाहून कमी मागे आलेला असेल, तर उलटा सौदा नाही, पट्टा कितीही रुंद असो. आणि त्याच दिशेने उडीही नाही, कारण स्टॉप ठेवायला जवळ जागा नसते. भाव अर्धा-पाऊण तास आडवा होऊ द्यायचा, त्याचा छोटा पट्टा बनू द्यायचा आणि मग त्या छोट्या पट्ट्याच्या आधाराने ठरवायचं.

पट्टा फुटला की लगेच घुसायचं का?

मी घुसत नाही. पट्ट्याच्या कडेबाहेर सगळ्यांचे स्टॉप साचलेले असतात. ते उडवायला भाव बाहेर डोकावतो आणि परत आत येतो. डोकावणं आणि बाहेर राहायला जाणं यातला फरक वेळेनेच कळतो.

माझी कसोटी अशी: अर्ध्या तासाची कॅन्डल पट्ट्याबाहेर बंद झाली पाहिजे आणि पुढच्या अर्ध्या तासात भाव मागे आला तरी जुन्या कडेच्या आसपास सावरला पाहिजे. याची किंमत म्हणून पहिले काही अंक सोडावे लागतात. खऱ्या ट्रेंड डेला एवढे अंक सोडूनही पुरेसं उरतं. उरत नसेल तर तो सौदा मुळात पातळ होता.

एखादं उदाहरण आकड्यांनिशी सांगाल?

एक काल्पनिक निर्देशांक फ्युचर घेऊ. दहा दिवसांची सरासरी हालचाल १८० अंक. कालचा उच्चांक १२,४६०, बंद १२,३४५. आज १२,३५२ ला उघडला.

पहिल्या तासात नीचांक १२,३४० आणि उच्चांक १२,३९८. पट्टा ५८ अंकांचा, गुणोत्तर ०.३२, म्हणजे अरुंद. तास संपताना भाव १२,३९०, म्हणजे ५० भागिले ५८, ०.८६. छताला चिकटलेला. व्हीवॅप १२,३७२, सुरुवातीच्या दहा मिनिटांत एकदाच कापलेला. उलाढाल नेहमीच्या पहिल्या तासाहून थोडी जास्त. झुकाव वरचा. पण अजून सौदा नाही.

तिसऱ्या अर्ध्या तासात भाव १२,४१६ पर्यंत जातो, १२,३९४ पर्यंत परततो आणि १२,४०८ ला बंद होतो. कॅन्डल बाहेर बंद झाली. चौथ्यात भाव १२,३९६ पर्यंत येऊन वळतो. जुनं छत आता जमिनीचं काम करतंय. इथे १२,४०२ ला खरेदी. व्हीवॅप तोवर १२,३८४ वर सरकलंय, स्टॉप त्याच्याखाली १२,३७८ ला. जोखीम २४ अंक. दिवसाने नेहमीएवढी १८० अंकांची चाल केली तर वरचं टोक १२,५२० ला येतं, म्हणजे समोर ११८ अंकांची वाट आहे. वाटेत कालचा उच्चांक १२,४६० आहे, तिथे अडखळणार हे आधीच गृहीत.

आता ट्रेंडचा डाव: ठरावीक लक्ष्यावर पूर्ण पोझिशन कापायची नाही. प्रत्येक अर्धा तास संपला की स्टॉप त्या अर्ध्या तासाच्या नीचांकाखाली सरकवायचा. भाव १२,५०२ पर्यंत जातो, मग आधीच्या अर्ध्या तासाचा १२,४६८ हा नीचांक मोडतो आणि आपण १२,४६६ ला बाहेर. ६४ अंक, जोखमीच्या अडीचपटीहून थोडे जास्त. शिखरापासून ३६ अंक परत दिले म्हणून हळहळ वाटते. पण एवढं परत द्यायची तयारी नसेल, तर १२,४३० लाच आपण बाहेर पडलो असतो.

याच सकाळी ब्रेकआउट फसला असता तर?

समजा भाव १२,४०८ ला शिवून बारा मिनिटांत १२,३८४ ला परत आला आणि पुढे व्हीवॅपच्याही खाली घसरला. फसलेला ब्रेकआउट हा स्वतःच एक इशारा असतो: वर घेणारे अडकलेत आणि त्यांची सुटका खाली विकूनच होणार. पुस्तकी उत्तर म्हणजे शॉर्ट करा, स्टॉप १२,४१० वर, लक्ष्य दुसरी कड १२,३४०.

माझं उत्तर जरा वेगळं. ५८ अंकांच्या पट्ट्यात व्हीवॅपखाली शॉर्ट केलं तर स्टॉप चाळीसेक अंक दूर आणि लक्ष्य तीसेक अंकांवर. ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज जाऊन हाती धुपाटणं. अरुंद पट्ट्यातला फसलेला ब्रेकआउट बघायचा आणि सोडून द्यायचा, तो कडेलाच पकडता आला तर गोष्ट वेगळी.

रेंज डेचा डाव कसा असतो?

वरच्याच फ्युचरची दुसरी सकाळ घ्या. पहिल्या तासात १२,२९० ते १२,४४०, पट्टा १५० अंकांचा, गुणोत्तर ०.८३. तास संपताना भाव १२,३७२, म्हणजे जवळजवळ मधोमध. व्हीवॅप १२,३६८, आडवं, पाच वेळा कापलेलं.

अशा दिवशी मधे काहीच करायचं नाही. पट्ट्याचा वरचा चतकोर १२,४०२ च्या पुढे सुरू होतो, खालचा १२,३२८ च्या खाली. भाव १२,४३२ पर्यंत चढला, पाच मिनिटांच्या दोन कॅन्डल वरून लांब शेपट्या सोडून बंद झाल्या आणि १२,४२५ ला विकलं. स्टॉप कडेच्या जरा बाहेर १२,४४६ ला, जोखीम २१ अंक. लक्ष्य व्हीवॅप, ५७ अंक. तिथे पूर्ण पोझिशन कापायची. ट्रेलिंग नाही, "अजून थोडं" नाही. रेंज डेला नफा हातात येतो आणि घेतला नाही तर त्याच वाटेने परत जातो.

तोटा झाला तर त्याच बाजूने दुसऱ्यांदा विकायचं नाही, हा त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग. कड एकदा मोडून भाव बाहेर राहिला तर रेंज डेचा अंदाज संपला.

शंका असेल तेव्हा कोणता दिवस धरावा?

रेंज डेला ब्रेकआउटचा डाव लावलात तर दोन-तीन छोटे स्टॉप उडतात, चिडचिड होते, नुकसान मोजून-मापून असतं. ट्रेंड डेला उलटा डाव लावलात आणि हट्ट धरलात तर एकाच दिवसात खातं रिकामं होऊ शकतं, कारण तिथे प्रत्येक पुढचा भाव "आता तरी वळेल" असा मोह घालतो.

म्हणून रेंज डे संख्येने जास्त वाटले तरी मी त्या डावाला कमी लॉट लावतो आणि दिवसात उलटे सौदे दोनच. दोन्ही उडाले तर त्या दिवशी उलट्या सौद्यासाठी पुन्हा बोट उचलायचं नाही.

दिवसाच्या मधेच डाव बदलायचा तर कधी?

रेंजकडून ट्रेंडकडे: भाव पट्ट्याबाहेर अर्धा तास टिकला आणि व्हीवॅप कलू लागलं की. आधी उलटी पोझिशन कापा, मग नव्या बाजूचा विचार करा. एकाच ऑर्डरमध्ये पलटी मारणं टाळा, कारण त्या क्षणी तोट्याचा राग अजून ताजा असतो.

ट्रेंडकडून रेंजकडे: वर जाणाऱ्या दिवशी भाव व्हीवॅप तोडून खाली अर्धा तास राहिला की. त्यानंतर नवी खरेदी नाही. पण लगेच शॉर्टही नाही. ट्रेंड थकला की तो उलटतोच असं नसतं, बऱ्याचदा नुसता बसून राहतो.

पहिला तास पूर्णपणे दुर्लक्षित करावा असे दिवस कोणते?

सत्राच्या मधे मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय किंवा महागाईचे आकडे ठरलेल्या वेळी येणार असतील, तर सकाळचा पट्टा ही फक्त वेटिंग रूम असते. मी तेव्हा घोषणेनंतरचा तास नव्याने मोजतो.

दुसरा प्रसंग मोठ्या गॅपचा. समजा फ्युचर आदल्या बंदपासून १५० अंक वर उघडला आणि पहिला तास ५० अंकांतच फिरला. गुणोत्तर "अरुंद, चाल बाकी" असं सांगेल, पण बाजाराने आपली चाल रात्रीच केलेली आहे. अशा वेळी आदल्या बंदपासून तासाच्या दूरच्या टोकापर्यंतचं अंतरही मोजून बघा. ते सरासरीएवढं भरलं असेल, तर अरुंद पट्ट्यातून वरच्या ट्रेंडची अपेक्षा मी निम्मी करतो. आणि भाव गॅपच्या आत शिरू लागला तर खालच्या बाजूकडे जास्त लक्ष देतो, कारण तिथे आज कोणीच सौदे केलेले नसतात आणि मधे अडवायला फारसं काही नसतं.

हे माझ्या बाजारात चालतं का, ते कसं तपासू?

मागच्या सत्तर-ऐंशी दिवसांची वही करा. प्रत्येक दिवसासाठी चारच रकाने: पहिल्या तासाचं गुणोत्तर, तासअखेरची जागा, भावाने पट्टा एका बाजूने मोडला की दोन्ही की नाहीच, आणि दिवसाचा बंद दिवसाच्या पट्ट्यात कुठे झाला. पहिले दोन रकाने भरताना चार्टचा उरलेला भाग झाकून ठेवा, नाहीतर डोळा आधीच उत्तर बघतो आणि हात त्याला जुळणारा आकडा लिहितो. माझ्या पहिल्या वहीत तसंच झालं होतं. ०.४ असलेले सगळे ट्रेंड डे "जवळपास अरुंद" झाले होते, आणि ती वही मला पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली.